नव्याण्णव हजार चारशेची नोटीस आणि तिचं उत्तर

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला ड्राफ्टिंगचा प्रात्यक्षिक पेपर असतो. दावा, कैफियत, खरेदीखत, भाडेकरार, मृत्युपत्र असे मसुदे हाताने लिहून जर्नल पुरं करायचं. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी जर्नल मिळवायची आणि नावं-गावं बदलून उतरवायची, ही कॉलेजातली जुनी रीत. नोटिशीच्या उत्तरापुरती मात्र आमच्या सरांनी ती मोडली. सर जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतात. त्यांनी प्रत्येकाच्या हातात कागदांचा एक गठ्ठा दिला आणि सांगितलं, "अशील मी. काय विचारायचंय ते विचारा. जे विचारणार नाही ते मी सांगणार नाही."

फाइल काल्पनिक होती. बारामतीतला स्टेशनरीचा दुकानदार आणि पुण्यातला वह्यांचा घाऊक पुरवठादार. गठ्ठ्यात पुरवठादाराच्या वकिलांची ३ नोव्हेंबर २०२५ ची नोटीस, तिच्यासोबत जोडलेला खातेउतारा, दोन बिलं, दुकानदाराच्या बँक स्टेटमेंटचं एक पान आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याची छापील प्रत. मागणी अशी: बिल क्रमांक ४१७ पोटी ९९,४०० रुपये मुद्दल, त्यावर द.सा.द.शे. २४ टक्के व्याज आणि नोटिशीचा खर्च १५ दिवसांत द्यावा, न दिल्यास दिवाणी दावा दाखल करू.

"१५ दिवस" वाचलं की आधी चेकचा विचार मनात येतो. चेक न वटल्याची कलम १३८ खालची नोटीस असेल, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत की फौजदारी तक्रारीचा रस्ता उघडतो. तिथे उत्तरातली शब्दकळा नंतर, तारीख आधी. इथे चेकचा उल्लेख नव्हता. साध्या वसुलीच्या नोटिशीला इतक्याच दिवसांत उत्तर द्या असं सांगणारा कायदा नाही. पण गप्प बसलं तर पुढे कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की माल खराब होता तर नोटीस मिळाल्यावर एक ओळही का लिहिली नाही? म्हणून उत्तर द्यायचं, आणि मुदतीतच.

मी दिवसा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहिते. त्यामुळे नोटिशीतला "वारंवार तगादा लावूनही" वगैरे मजकूर वाचण्याआधी नजर खातेउताऱ्यावर गेली. त्यात तीनच नोंदी होत्या. १२ सप्टेंबर २०२२, बिल क्रमांक २०६, रजिस्टरं व फाइली, ३८,६०० रुपये. २२ मे २०२५, बिल क्रमांक ४१७, १७२ पानी वह्या ३०० डझन, दर डझनी ३०० रुपये, तेव्हाच्या १२ टक्के जीएसटीसह १,००,८०० रुपये. आणि १८ जून २०२५ ला जमा, ४०,००० रुपये. बाकी ९९,४००.

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. घोटाळा आहे तो जमा रक्कम कुठे बसवली यात. पुरवठादाराने ४०,००० तले ३८,६०० आधी २०२२ च्या बिलात जिरवले आणि उरलेले १,४०० नव्या बिलाला लावले. म्हणून नोटिशीत जुन्या बिलाचं नावच नाही. सगळी बाकी ४१७ चीच दिसते. दुकानदाराच्या स्टेटमेंटवर त्याच एनईएफटीच्या रिमार्कमध्ये मात्र "४१७" असं होतं, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज होता: "४१७ पोटी ४० हजार टाकले, जमा करून घ्या." भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५९ यासाठीच आहे. देणेकऱ्याने अमुक देण्यापोटी म्हणून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर ते त्याच देण्याला लावावे लागतात. देणेकरी काहीच बोलला नाही, तर कलम ६० प्रमाणे घेणेकऱ्याला मोकळीक मिळते. मग तो ते मुदतबाह्य बाकीलाही लावू शकतो. म्हणजे एका रिमार्कवर ३८,६०० रुपयांचा निकाल आहे.

मुदतीचा कायदा, १९६३ सांगतो की विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा तीन वर्षांत आणायचा. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून. बिल २०६ वर "३० दिवस" छापलेलं होतं, म्हणून मी दोन्ही बाजूंनी मोजलं. एका हिशेबाने १२ सप्टेंबर २०२५ ला मुदत संपते, दुसऱ्याने १२ ऑक्टोबरला. नोटीस ३ नोव्हेंबरची. जुनं बिल दोन्हीकडून मुदतीबाहेर.

तरी मध्ये एक दरवाजा उघडा असू शकतो. मार्चअखेर व्यापारी एकमेकांकडून बाकीचा दाखला सही करून घेतात. मुदत चालू असताना देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणून अशिलाला माझा पहिला प्रश्न तोच होता.

सरांनी लगेच दुकानदाराचा आवाज काढला. "ओ वकीलबाई, दरवर्षी एक कागद यायचा त्यांचा. मी कधी सही केली नाही. ते रजिस्टरांचे पैसे तर त्यांच्या माणसाला रोख दिलेत मी. पावती? पावती कोण मागतंय हो ओळखीच्या माणसाकडं!"

रोख दिल्याचा पुरावा नाही, पण नाकारायला एवढं पुरे. मी लिहिलं:

"बिल क्रमांक २०६ ची कोणतीही रक्कम माझ्या अशिलांकडून येणे असल्याचे स्पष्टपणे नाकारण्यात येते. सदर बिलाची रक्कम माझ्या अशिलांनी यापूर्वीच अदा केलेली आहे. या म्हणण्यास बाध न येता असे नमूद करण्यात येते की, सदर बिलाबाबतची कथित मागणी मुदतबाह्य आहे. दि. १८/०६/२०२५ रोजीचे रु. ४०,०००/- माझ्या अशिलांनी स्पष्ट सूचना देऊन बिल क्रमांक ४१७ पोटी दिलेले असून आपल्या अशिलांनी ते स्वीकारलेले आहेत. सदर रक्कम अन्य बिलाकडे वळती करण्याचा आपल्या अशिलांना अधिकार नाही."

हा परिच्छेद वर्गात सगळ्यात जास्त वेळ चर्चेत राहिला, कारण माझ्या बाकावरच्या एकाने इथेच माणुसकी दाखवली होती. त्याचं वाक्य होतं: "जुन्या बिलाबाबत मुदत संपली असली तरी माझे अशील व्यवहार चोख ठेवणारे असून परिस्थिती सुधारताच सदर रक्कमही चुकती करतील." वाचायला छान. सरांनी त्याखाली रेघ मारून करार कायद्याचं कलम २५ काढायला सांगितलं. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन लेखी आणि सहीनिशी दिलं, तर तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. सही खुद्द देणेकऱ्याचीच हवी असं नाही. त्याने त्या कामासाठी नेमलेल्या माणसाचीही चालते. म्हणजे वकिलाने आपल्याच उत्तरात मेलेलं बिल जिवंत केलं असतं. दुकानदाराला ते पैसे स्वखुशीने द्यायचे असतील तर त्याला कोणी अडवलेलं नाही. मुदत संपली की दावा बुडतो, देणं नाही. पण तो निर्णय त्याचा आहे. वकिलाने एका गोड वाक्यात परस्पर घेण्याचा नाही.

आता वह्या. सर परत दुकानदार झाले आणि इथे खरी उलटतपासणी झाली, कारण आधी ते फक्त "माल खराब" एवढंच म्हणत राहिले. माल खराब म्हणजे काय? ओला? फाटका? कागद पातळ? हळूहळू बाहेर आलं. ३०० डझन २४ मेला दुकानात पोचल्या. डझनाचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये सीलबंद. जूनच्या सुरुवातीला शाळेची खरेदी सुरू झाली आणि ४ जूनला एक बाई वही परत घेऊन आल्या, की हिच्यात पानं कमी आहेत. दुकानदाराने काउंटरवरच मोजली. कव्हरवर १७२, आत १४४. मग त्याने गठ्ठे फोडून पाहिलं: १८० डझन बरोबर, १२० डझन कमी पानांच्या. कमी पानांच्या वह्यांवर कव्हरचा निळा जरा गडद होता, त्यावरून त्या वेगळ्या काढता आल्या. त्यातल्या २० डझन तोवर विकल्या गेल्या होत्या. ५ जूनला त्याने पुरवठादाराच्या सेल्समनला फोटो पाठवून लिहिलं, "या १४४ पानी निघाल्यात, चालणार नाहीत, परत घेऊन जा." उत्तर आलं, "शेठना सांगतो, बाजूला ठेवा." तेव्हापासून १०० डझन माळ्यावर आहेत.

माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनाबरहुकूम विक्री असेल, तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. १७२ पानी म्हणून विकलेली १४४ पानी वही जुळत नाही, यात वाद नाही. वाद आहे तो माल स्वीकारला की नाही याचा. कलम ४२ प्रमाणे वाजवी वेळ उलटून गेला तरी खरेदीदाराने नकार कळवला नाही, किंवा मालकासारखं वागून माल पुढे विकला, तर स्वीकार झाला असं धरतात. एकदा स्वीकार झाला की माल नाकारता येत नाही. फक्त किंमत कमी करून किंवा भरपाई मागता येते.

पैशात हा फरक किती, ते मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. १०० डझन नाकारता आल्या, तर जीएसटीसह ३३,६०० रुपये कटतात. स्वीकार झाला असं ठरलं आणि कोर्टाने फक्त पानांच्या प्रमाणात किंमत उतरवली, तर १७२ मागे २८ पानं कमी, म्हणजे साधारण साडेपाच हजार. त्यामुळे माझ्या मते या उत्तराचा सगळा जीव नकाराच्या तारखेत आहे, आणि "निकृष्ट दर्जाचा, भेसळयुक्त, फसवणुकीचा माल" असल्या विशेषणांनी तो वाढत नाही. मी विशेषण एकही ठेवलं नाही. तारखा ठेवल्या:

"सदर वह्या सीलबंद गठ्ठ्यांत असल्याने पाने मोजण्याची वाजवी संधी गठ्ठे उघडेपर्यंत उपलब्ध नव्हती. दि. ०४/०६/२०२५ रोजी १२० डझन वह्या १७२ ऐवजी १४४ पानांच्या असल्याचे आढळले. दुसऱ्याच दिवशी माझ्या अशिलांनी आपल्या अशिलांच्या प्रतिनिधीस छायाचित्रांसह व्हॉट्सॲपद्वारे कळवून शिल्लक १०० डझन वह्या नाकारल्या व परत नेण्यास सांगितले. सदर प्रतिनिधींनी त्या 'बाजूला ठेवा' असे उत्तर दिले. सदर १०० डझन वह्या आजही आपल्या अशिलांच्या मालकीच्या म्हणून माझ्या अशिलांच्या ताब्यात असून हे उत्तर मिळाल्यापासून १५ दिवसांत दुकानाच्या वेळेत घेऊन जाव्यात. वरील म्हणण्यास बाध न येता व पर्यायी असे की, माल स्वीकारला असे कोणत्याही कारणाने गृहीत धरले गेल्यास माझे अशील किमतीत घट व नुकसानभरपाई मिळण्यास पात्र आहेत."

पर्यायी वाक्य घालताना वर्गात कुरबुर झाली, की आपणच आपली बाजू सैल करतो. मला तसं वाटत नाही. २० डझन विकल्या गेल्या आहेत हे समोरचा काढणारच. कलम १३ प्रमाणे करार तुकड्यांत विभागता येत नसेल आणि मालाचा काही भाग स्वीकारला असेल, तर बाकीचाही नाकारता येत नाही, असा युक्तिवाद तो करेल आणि तो पोकळ नाही. एकच बिल, एकच दर, एकच गाडी. आपलं म्हणणं असं, की ३०० डझनांतल्या प्रत्येक डझनाची किंमत वेगळी ठरलेली आहे आणि विकलेला माल दोष कळण्याआधी गेला. कोर्टाला ते पटेल किंवा पटणार नाही. साडेपाच हजारांची वाट आत्ताच कागदावर असलेली बरी. विकलेल्या २० डझनांसाठी मात्र मी काही मागितलं नाही. एक गिऱ्हाईक सोडलं तर तक्रार नाही, आणि हिशेब उगाच लांबतो.

मग उरतं काय? चांगल्या १८० आणि विकलेल्या २०, अशा २०० डझनांचे जीएसटीसह ६७,२००. त्यातून ४०,००० वजा. २७,२०० रुपये दुकानदार खरोखर लागतो. सरांना विचारलं तर दुकानदार मोठ्या मनाने म्हणाले, "लिहा की, तेवढे देतो म्हणून. बुडवायचे नाहीत मला."

देतो म्हणून लिहायचं नाही, देऊन लिहायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२ नियम ६ प्रमाणे कबुलीवर कोर्ट तेवढ्या रकमेचा हुकूमनामा बाकीच्या वादाची वाट न पाहता देऊ शकतं, आणि ती कबुली कैफियतीतच हवी असं नाही. पत्रातली, नोटिशीच्या उत्तरातलीही चालते. पुरवठादाराने बिलांच्या आधारे आदेश ३७ खाली समरी, म्हणजे झटपट निकालाचा, दावा लावला, तर कबूल रक्कम कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगीच मिळत नाही. म्हणून मी अशिलाला सांगितलं, की उत्तर टपालात पडायच्या दिवशी २७,२०० एनईएफटीने पाठवा, रिमार्कमध्ये बिल क्रमांक घाला, आणि यूटीआर क्रमांक मला द्या. उत्तरात वाक्य आलं: "बिल क्रमांक ४१७ पोटी माझ्या अशिलांच्या हिशेबाप्रमाणे देय असलेली संपूर्ण शिल्लक रु. २७,२००/- आज रोजी आपल्या अशिलांच्या खात्यात जमा केलेली आहे." त्यापुढे "पूर्ण व अंतिम" असे शब्द घालायचा मोह आवरला नाही तरी चालतो, समोरच्याने ते मान्य केल्याशिवाय त्यांना वजन नाही.

या जागेवर मला शंका होती आणि ती मी सरांना बोलून दाखवली. पैसे आत्ता दिले तर वाटाघाटीत हातात काय राहील? तडजोडीला बसल्यावर हेच २७,२०० पुढे करून नोटीस मिटवता आली असती. सर म्हणाले, तेही बरोबर, आणि तसं करायचं असेल तर उत्तरात आकडाच लिहायचा नाही, "हिशेबाअंती जे निघेल ते" असंही नाही; नुसती मागणी नाकारायची. अर्धवट कबुली आणि पैसे नाहीत, ही तिसरी वाट तेवढी घ्यायची नाही. दुकानदार पुरवठादाराकडून पुढेही माल घेणार होता, म्हणून मी पैसे देण्याची बाजू धरली.

व्याजाचा परिच्छेद माझा सगळ्यात लंगडा. २४ टक्के बिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं आहे. दुकानदाराची त्यावर सही नाही आणि २०२२ च्या बिलावरही पुरवठादाराने खातेउताऱ्यात कधी व्याज लावलेलं नाही, एवढंच लिहिलं. तसलीच बिलं वर्षानुवर्षं मुकाट घेतली, हे समोरचा म्हणेल तेव्हा काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बाकी रचना ठरलेलीच. वर वकिलांचं नाव, "आपण आपले अशील यांच्या वतीने पाठविलेल्या दि. ०३/११/२०२५ रोजीच्या नोटिशीस उत्तर", मग नोटिशीच्या परिच्छेदाला परिच्छेद. "परिच्छेद क्रमांक १ ते ७ मधील मजकूर खरा नाही, मान्य व कबूल नाही" अशी सरसकट झाडणी अनेकांनी केली होती. नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात फक्त पुरवठादार वह्यांचा घाऊक व्यापारी आहे एवढंच होतं, तेही अमान्य! मी खरं ते मान्य केलं, माहीत नाही ते "माहितीअभावी नाकबूल" केलं आणि खोटं ते कारणासह नाकारलं. "विदाउट प्रेज्युडिस" हा शिक्का वर मारला नाही. ज्या उत्तरावर उद्या आपणच विसंबून राहणार, ते कोर्टाला दाखवू नका असं आपणच कशाला म्हणायचं?

उत्तर मराठीत लिहिलं, कारण दुकानदाराने स्थळप्रतीवर "मजकूर वाचला, बरोबर आहे" म्हणून सही करायची होती. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडले नाहीत, फक्त तारीख आणि मजकूर उद्धृत केला. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका, हे अशिलाला तोंडी सांगितलं. पुढे पुराव्यात आणायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याच फोनवरून करावं लागणार.

तोंडी परीक्षेत सरांनी पुन्हा दुकानदाराचा आवाज काढला. "वकीलबाई, दुसरं सत्र सुरू झालंय. गिऱ्हाईक दारात आलंय, माळ्यावर १०० डझन वह्या आहेत. १४४ पानी म्हणून सांगूनच विकल्या तर?"

मी म्हटलं, एकही नाही. गठ्ठे मोजून, दोन माणसांसमोर यादी करून, गडद कव्हर दिसेल असा फोटो काढून माळा बंद करा. नाकारलेला माल विक्रेत्याकडे पोचवायची जबाबदारी कलम ४३ प्रमाणे तुमची नाही, पण त्यातली एक वही विकलीत तर तुमचे ३३,६०० साडेपाच हजारांवर येतात.

"आणि ते न्यायला आलेच नाहीत तर? किती दिवस ठेवू?"

आणखी एक पत्र पाठवू, जागेच्या भाड्याचं, असं मी सांगितलं. सरांनी जर्नलवर सही केली आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली.